पाळी गेली, गाठ राहिली

ठाण्याच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे रिसेप्शनवर मी सांगितलं, "छाती दुखतेय," आणि पाच मिनिटांत मी ईसीजीच्या टेबलावर आडवी होते. टेक्निशियन मुलगी तारा चिकटवायला लागली तेव्हा मी हळूच म्हटलं, "अगं, ती छाती नाही. दोन्ही बाजूंची." तिला कळलं आणि दोघींनाही हसू आलं. एक्केचाळीस वर्षांची मी, घरात दोन मुलं, आणि 'स्तन' हा शब्द चारचौघांत तोंडातून निघत नव्हता. ईसीजी अर्थातच नॉर्मल होता. त्याचे पैसे मात्र गेले.

दुखणं जुनंच होतं. पाळीच्या आठवडाभर आधीपासून दोन्ही बाजू जड व्हायच्या, काखेकडच्या भागात ठणकायच्या, कधी कळ दंडापर्यंत उतरायची. मी ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्सहार्बरने जाते. एरवी पर्स पुढे घेऊन उभं राहायची सवय, पण त्या आठवड्यात पर्सचा पट्टासुद्धा नकोसा व्हायचा. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं गायब. इतकी वर्षं हेच चाललं होतं म्हणून कुणाला विचारलं नाही. या वेळी विचारावं लागलं, कारण पाळीला आठवडा असताना आंघोळ करताना उजव्या बाजूला, वर काखेच्या दिशेने, गोटीसारखं काहीतरी हाताला लागलं.

तिथून पुढे मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे लॅबवाल्याला घरी बोलावून हार्मोन्सचं पॅकेज करून घेतलं. सगळे आकडे मर्यादेत आले आणि मला वाटलं, म्हणजे हे हार्मोन्समुळे नाहीच. दुसरी चूक, ती गोटी मी दिवसातून दहा वेळा दाबून बघत होते. चार दिवसांत तो भाग इतका हुळहुळा झाला की गाठ दुखतेय की माझी बोटं लागलीत, हेच कळेना.

नौपाड्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी लॅबचा कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "अशा दुखण्यात रक्तातले हार्मोन्स बहुतेक वेळा नॉर्मलच असतात. प्रश्न पातळीचा कमी आणि त्या पातळीला तुमचं शरीर किती प्रतिसाद देतं याचा जास्त." मग त्यांनी महिन्याचं चक्र समजावलं. पाळीनंतरच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन वाढतं आणि दूधनलिकांच्या पेशींना चालना देतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, दूधग्रंथींचे घोस फुगतात, आत पाणी धरलं जातं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन्स एकदम खाली येतात, पाळी सुरू होते आणि फुगवटा ओसरतो. म्हणून हे दुखणं दोन्हीकडे, पसरलेलं आणि तारखेला बांधलेलं असतं. त्या दिवसांत हात लावला तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दाणेदार लागतं, तेही त्याच फुगवट्याचं.

त्यांनी तपासलंही तब्येतीत. आधी बसवून, मग आडवं करून हात डोक्याखाली घ्यायला लावला. बोटांच्या टोकांनी न टोचता सपाट बोटांनी, दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वर. प्रश्न भराभर आले. गाठ कधीपासून, शेवटची पाळी कधी, गोळ्या चालू आहेत का, निप्पलमधून आपोआप पाणी किंवा रक्त येतं का, निप्पल आत ओढलं गेलंय का, कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आलाय का. घरात कुणाला झालं होतं का, यावर मी "नाही" म्हणाले. त्यांनी लगेच विचारलं, "वडिलांकडे?" आत्याला सदुसष्टाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. मला वाटायचं आईकडचं तेवढंच मोजतात. त्यांनी ते लिहून घेतलं, आणखी कुणाला, अंडाशयाचा कुणाला, हेही विचारलं. तसं कुणी नव्हतं.

गाठ त्यांच्याही हाताला लागली. गुळगुळीत होती, बोटाखाली सरकत होती. तरी त्या म्हणाल्या, "हातावरून मी पैज लावणार नाही. पाळी कधी येईल?" तीन दिवसांनी, मी म्हटलं. "मग पाळीच्या सहाव्या-सातव्या दिवशी परत या. तेव्हा फुगवटा सगळ्यात कमी असतो. जे हार्मोन्सचं असेल ते विरघळलेलं असेल, जे उरेल त्याचा फोटो काढायचा. मात्र खळगा, रक्त, काखेत गाठ, हलत नसलेला कडक गोळा, यातलं काही असतं तर मी तुम्हाला वाट बघायला लावलंच नसतं. आणि तोवर चाचपू नका."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख आणि दुधाचे खाडे लिहिलेले असतात, त्यांच्याच शेजारी मी ठिपके द्यायला लागले. थोडं दुखलं तर एक ठिपका, ब्रा सहन होत नसेल तर दोन. पाळी आली, दोन ठिपक्यांवरून दुसऱ्या दिवशी शून्यावर. सहाव्या दिवशी आंघोळ करताना, सांगितलं नसतानाही, एकदाच हात लावला. साबुदाणा गेला होता. गोटी तिथेच होती.

त्या क्षणी पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की दुखतंय ना, मग ते नसणार, कारण कॅन्सरची गाठ दुखत नाही असं ऐकलं होतं. बाईंनी हाही भ्रम काढला. बहुतेक वाईट गाठी सुरुवातीला दुखत नाहीत हे खरं, पण काही दुखतातही. त्यामुळे दुखतं की नाही यावर निकाल लावायचा नाही. पाळी होऊन गेल्यावरही जी गाठ हाताला लागते, तिचं चित्र बघायचं.

चाळिशी उलटलेली असल्याने मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही लिहून दिल्या. विशीतल्या मुलीला आधी फक्त सोनोग्राफी सांगतात, कारण त्या वयातल्या दाट ग्रंथी मॅमोग्राफीत पांढऱ्याच दिसतात आणि गाठही पांढरीच. सेंटरवाल्यांनी फोनवर बजावलं, काखेत डिओ किंवा पावडर लावून येऊ नका. त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि त्या ठिपक्यांनाच डॉक्टर घाबरतात. दोन पाट्यांमध्ये दाबतात ते काही सेकंद नकोसे असतात, प्रत्येक बाजूचे दोन फोटो. पाळीनंतर गेले म्हणून निभावलं, आदल्या आठवड्यात मी ओरडलेच असते.

मॅमोग्राफीत उजवीकडे एक गोल पांढरी सावली दिसली, कडा स्वच्छ. पण तिच्यात पाणी आहे की मांस, हे त्या फोटोत कळत नाही. ते शेजारच्या खोलीत कळलं, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' या पाटीखालच्या टेबलावर. रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी जेल लावून प्रोब फिरवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. राखाडी पसाऱ्यात एक काळंभोर भोक. "काळं म्हणजे आवाजाच्या लहरी परत पाठवणारं आत काही नाही, निव्वळ पाणी. आणि त्याच्या खाली बघा, पांढरा उजळ पट्टा. पाण्यातून लहरी अडथळ्याशिवाय जातात म्हणून पलीकडचं जास्त उजळ दिसतं." भिंत पातळ, एकसारखी. आकार २.२ बाय १.८ सेंमी. शेजारी तीन-चार मिलिमीटरची आणखी दोन, जी माझ्या हाताला कधीच लागली नव्हती. घन गाठ असती तर आत राखाडी भरलेलं दिसलं असतं. तिची कड काटेरी, वेडीवाकडी असती किंवा खाली काळी सावली पडली असती, तर सुईने तुकडा काढायला पाठवलं असतं, असं त्यांनी सांगितलं.

डावीकडे एक सहा मिलिमीटरचं सिस्ट, म्हणजे तशीच पाण्याची पिशवी, सापडलं, पण ते काळं नव्हतं, गढूळ होतं. आत बारीक कण तरंगत होते. डॉक्टर तिथे जरा जास्त वेळ थांबले, रक्तप्रवाह बघितला, तो नव्हता. रिपोर्टवर उजवीकडे बाय-रॅड्स २ आणि डावीकडे बाय-रॅड्स ३ लिहून आलं. लोकलमध्ये तो ३ बघून मी स्टेज तीन समजले. खरं तर ती रेडिओलॉजिस्टची वर्गवारी असते, शून्यापासून सहापर्यंत. २ म्हणजे नक्की निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सुई न घालता सहा महिन्यांनी परत बघायचं. ४ पासून तुकडा काढून तपासतात.

पाण्याच्या साध्या सिस्टला खरं तर काहीच करावं लागत नाही. पस्तिशी ते पन्नाशीत ती येतात, जातात, पाळीआधी ताणली जातात, म्हणून तर माझी गोटी अचानक उगवल्यासारखी वाटली. पण पुढच्या महिन्यात ती इतकी ठणकली की ब्रेस्ट सर्जनकडे गेले. सोनोग्राफीत बघत त्यांनी सुई घातली, रक्त तपासणीला टोचतात तितकंच. सिरिंजमध्ये साडेतीन मिलि पाणी आलं, हिरवट-पिवळं, थेट मुगाच्या कढणासारखं. माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचं काळं भोक मिटलं. पाणी त्यांनी फेकून दिलं. मी विचारलं, तपासायला नको? रक्ताळलेलं आलं असतं किंवा पाणी काढूनही गाठ उरली असती, तरच पाठवलं असतं, म्हणाले. परत भरू शकतं, हेही सांगितलं.

दुखण्यावर उपाय फार साधा निघाला. मापाची ब्रा घेतली (गोखले रोडवरच्या दुकानातल्या बाईंनी टेप लावला, मी दहा वर्षं चुकीचा नंबर घालत होते) आणि ठिपके दोनवर गेले की डायक्लोफेनॅक जेल. केमिस्टने दिलेल्या इव्हिनिंग प्रिमरोजच्या कॅप्सूल बाईंनी बंद करायला लावल्या. साखरेच्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त उपयोग सिद्ध झालेला नाही. चहा सोडायलाही पक्का आधार नाही म्हणाल्या, तेवढं ऐकून मी घरी येऊन आलं घालून कपभर केला. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या असतात, पण महिनोन्‌महिने काम सुचत नाही अशा दुखण्यासाठी, आणि त्यांचे दुष्परिणाम मोजूनच.

सहा महिन्यांनी डावीकडची सोनोग्राफी ठरवायला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ताई, कुठली तारीख देऊ?" मी म्हटलं, पाळी आली की सांगते, त्यानंतरचा सातवा दिवस. तिने कुणालातरी ओरडून विचारलं आणि म्हणाली, "चालेल, ताई." त्या दिवशी गढूळ सिस्ट होतं त्या जागी काहीच दिसलं नाही, उजवीकडे मात्र पाच मिलिमीटरचं नवीन काळं भोक होतं. या वेळी दोन्हीकडे २ लिहून आलं.