आमची वाटचाल: कपाटं-पलंगांपासून डायनिंगपर्यंत

कुपवाडला आमचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा आम्ही नुसती कपाटं आणि पलंग बनवायचो, डायनिंग टेबल गिऱ्हाईक दुकानातनं रेडिमेड आणायचं. मग मॉड्युलर किचनची कामं यायला लागली आणि किचन झालं की लोक म्हणायचे की आता बाहेरचं टेबलपण तुम्हीच करा, तसं करत करत आज निम्मं काम डायनिंगचंच असतं.

आपल्याकडं प्रॉब्लेम असा की लोक टेबल मापतात, खुर्ची मापत नाहीत. माणूस जेवायला बसला की टेबलाच्या कडेपासून मागं साधारण २० इंच जागा खातो, आणि उठताना खुर्ची मागं सरकवायची तर ३० ते ३६ इंच तरी लागतात. आणि आपल्यात गरम चपाती तव्यावरनं थेट ताटात, म्हणजे कुणीतरी वाढत मागनं फिरणारच ना!

विश्रामबागेतलं एक काम सांगतो. खोली ९ बाय ११, त्यांना सहा जणांचं ६ बाय ३ चं टेबल पाहिजे होतं, बरोब्बर मधोमध. हिशोब बघा, ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्यातनं टेबलाचे ३६ गेले, दोन्ही बाजूला ३६-३६ उरले. खुर्चीवरनं उठायला पुरतं, पण माणूस बसलेला असताना त्याच्या मागं १६ इंचच राहतात, त्यातनं आमटीचं पातेलं घेऊन कोण जाणार?

आम्ही किचनच्या समोरच्या भिंतीला १८ इंचाचा फिक्स बाक दिला, टेबलाची कड त्यावर दोनेक इंच आत घेतली, म्हणजे भिंतीपासून टेबल १६ इंचांवर. मग किचनच्या बाजूला ५६ इंच मोकळे! तिथं तीन खुर्च्या, माणसं बसली तरी मागं ३६ इंच, ताट घेऊन आरामात जाता येतं. कुणी एकदम खुर्ची सरकवून उठला तर तेवढ्यापुरतं वाढणाऱ्याला थांबावं लागतं, ते आहेच.

बाकाच्या बाजूला टेबलाचे पाय कोपऱ्यात नकोत, सरकताना गुडघे आपटतात, म्हणून मधल्या दोन खांबांवर टेबल घेतलं. लांबीला दोन्ही टोकांना अडीच अडीच फूट राहिले, तिथनं बाकावर शिरता येतं. मधल्या माणसाला मात्र शेजाऱ्याला उठवूनच बाहेर यावं लागतं, म्हणून घरातल्या आजींना किचनच्या बाजूची कडेची खुर्ची.

टेबल कापायच्या आधी आम्ही फरशीवर मास्किंग टेपनं माप आखतो, घरच्याच खुर्च्या ठेवतो आणि वहिनींना म्हणतो घ्या, ताट घेऊन फिरा. फ्रीजचं दार आणि बेसिनसमोर हात धुवायला उभा राहणारा माणूस हेपण तेव्हाच बघून घेतो, कारण कागदावर बंद दाराचा फ्रीज कुठंही बसतो. माप प्लास्टर आणि फरशी झाल्यावरच घेतो, बिल्डरच्या नकाशावर नाही.