कंसातलं ‘बहुधा’

‘रेकॉर्डिंग तुमच्याकडे असतं, दोनदोनदा ऐकताही. मग इतिवृत्तात सरळ नाव लिहायचं सोडून “एक सदस्य”, “बहुधा” असं अर्धवट का लिहिता?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजवर ‘नीट ऐकू आलं नाही’ एवढंच सांगून वेळ मारून नेली, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याला ती कामचुकारी वाटली.

आधी सोसायटीच्या सभेचं ते रेकॉर्डिंग कसं असतं ते सांगते. पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्या, टेबलावर एक मोबाइल, मागे पाण्याचा पंप चालू. ॲप त्याचा मजकूर करून देतं आणि प्रत्येक परिच्छेदाला Speaker 1, Speaker 2 असं लावतं. पण Speaker 3 म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, ॲपला सारख्या वाटलेल्या आवाजांचा तो गठ्ठा असतो. तोच माणूस उठून मागे जाऊन बोलला की Speaker 5 होऊ शकतो. आणि दोघं एकदम बोलले की दोघांचे शब्द एकाच ओळीत, एकाच्याच नावावर, विणल्यासारखे येतात.

चार वर्षांपूर्वी सहकारनगरातल्या एका सोसायटीची सभा होती. खरी नावं देत नाही, साने आणि माने धरा. विषय गच्चीच्या गळतीचा होता. माझ्यासमोर आलेली ओळ मला आजही पाठ आहे:

```
Speaker 3  41:12
वरच्यांनी आपलं आपण करून घ्यावं खालच्यांनी कशाला
असं कसं म्हणता एक रुपया पावसाचं पाणी आहे देणार नाही

Speaker 1  41:20
मान्य शांत व्हा
```

साने खजिनदार. सभेच्या सुरुवातीला त्यांनी दहा मिनिटं हिशेब वाचून दाखवला होता, त्यामुळे Speaker 3 म्हणजे साने हे मी तिथेच ठरवून टाकलं होतं. ते राहायचेही तळमजल्यावर. मी लिहिलं: ‘श्री. साने यांनी वरच्या मजल्यावरील सदस्यांनी दुरुस्ती स्वखर्चाने करावी, तळमजल्यावरील सदस्य एक रुपयाही देणार नाहीत, असे मत मांडले. अध्यक्षांनी ते मान्य केले.’ मधले ‘असं कसं म्हणता’ आणि ‘पावसाचं पाणी आहे’ हे तुकडे वाक्यात बसेनात, म्हणून गाळले.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी सानेकाका घरी आले. हातात इतिवृत्ताची चार घड्या घातलेली प्रत. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ताई, मी असं बोललो का, तेवढं एकदा ऐकून सांगा.” मग हळूहळू कळलं. गळती होत होती ती बरोबर वरच्या मजल्यावरच्या घरात, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या खोलीत. काकू गेल्यापासून त्याच घरातून काकांना रात्रीचा डबा यायचा. इतिवृत्त वाटलं त्या दिवसापासून डबा बंद झाला होता. त्यांनी तो मागितला नाही, मीही त्याबद्दल विचारलं नाही.

हेडफोन लावून आम्ही ते आठ सेकंद अर्ध्या वेगाने ऐकले. मग दुसरा आवाज सुटा झाला. ‘वरच्यांनी आपलं आपण करून घ्यावं’ हा लांबून येणारा आवाज मान्यांचा वाटत होता. ‘असं कसं म्हणता, पावसाचं पाणी आहे’ हे मोबाइलजवळ बसलेल्या सान्यांचं. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं हा संस्थेचा खर्च आहे, हेच ते सांगू पाहत होते. म्हणजे जो माणूस वरच्या घराची बाजू घेत होता, त्याच्याच तोंडी मी नेमकं उलटं घातलं होतं. आणि अध्यक्ष ‘मान्य’ म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, “माने, शांत व्हा.”

मी सफाई देऊ शकते, आणि त्या वेळी दिलीही. दोन दिवसांत इतिवृत्त हवं होतं, आवाज फुटका होता, ‘माने’चं ‘मान्य’ ॲपने केलं होतं. हे सगळं खरं आहे. पण कोणी स्वतःच्याच बोलण्याला ‘असं कसं म्हणता’ म्हणत नाही, हेही खरं. ती ओळ वाचताना मला ते खटकलं होतं. खटकलं ते मी काढून टाकलं, कारण ते काढल्यावर वाक्य स्वच्छ होत होतं. तेव्हाच्या मला वाटायचं की इतिवृत्तात जागा रिकामी दिसली तर लिहिणारीला काम येत नाही असं होतं. त्या बाईशी मी अजून भांडते.

आता मी असं करते. सभेच्या आधी बसण्याचा कच्चा नकाशा काढते आणि हजेरीच्या वेळी प्रत्येकाला स्वतःचं नाव उच्चारायला सांगते, म्हणजे आवाजाचा नमुना राहतो. नाव लावताना Speaker च्या आकड्यावर विसंबत नाही, बोलण्यातली खूण शोधते. ‘मी बघते’ आणि ‘मी बघतो’ यांतून बाई की पुरुष ते कळतं. ‘देणार नाही’मधून काहीच कळत नाही. पुढचा माणूस ‘तुम्ही म्हणालात तसं’ म्हणताना नाव घेतो का, ते बघते. खूण पक्की असेल तर नाव. एकच खूण असेल तर नावापुढे ‘बहुधा’, कशावरून ते आणि रेकॉर्डिंगमधली वेळ, म्हणजे ज्याला शंका आहे त्याला ते आठ सेकंद ऐकता येतात. खूणच नसेल तर ‘एक सदस्य’. ठरावाचे सूचक आणि अनुमोदक मात्र मी रेकॉर्डिंगवरून कधीच लिहीत नाही, त्यांना विचारून लिहिते. आणि कोणी ‘आपण कंत्राटदाराशी बोलावं’ म्हणालं, तर ते ‘आपण सगळ्यांनी’ की समोरच्याला आदराने ‘तुम्ही’, हे कळत नसेल तर काम कोणाच्याही नावावर न टाकता ‘जबाबदारी स्पष्ट झाली नाही’ असं लिहिते. यावर सर्वात जास्त नाराजी येते.

पण याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. लोक ‘बहुधा’ वाचत नाहीत, पुढचं नाव वाचतात. म्हणून एखाद्याला झोंबेल असं वाक्य असेल तर मी ‘बहुधा’सुद्धा लावत नाही, ‘एक सदस्य’च लिहिते. त्यावर एक सेक्रेटरी मला म्हणाले होते, “ताई, यामुळे आता अख्खी बिल्डिंग एकमेकांकडे बघते आहे.” त्यांचंही चूक नव्हतं. मला यावर उत्तर नाही.

सान्यांच्या सभेचं दुरुस्त केलेलं इतिवृत्त मी स्वतः नेऊन दिलं. पुन्हा पुन्हा ऐकूनही ‘देणार नाही’ हे शेवटचे दोन शब्द नक्की कोणाचे ते सुटत नव्हतं, पंप तेव्हाच चालू झाला होता. म्हणून लिहिलं: ‘एक सदस्य (बहुधा श्री. माने, ४१:२० ला अध्यक्षांनी त्यांचे नाव घेतले आहे) यांनी वरच्या मजल्याने खर्च करावा असे म्हटले. श्री. साने यांनी त्यास हरकत घेतली. पुढील शब्द अस्पष्ट.’ काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. कंसावर बोट ठेवून म्हणाले, “हे बरोबर आहे. मान्यांच्या नावाला ‘बहुधा’ हवंच. मग माझ्या नावाला का नव्हतं?”