निवृत्त होताना एका कुटुंबाची करफाईल सोपवली: माझा अनुभव

नव्या सल्लागारासाठी नोंद लिहायला बसलो तेव्हा पहिल्या मसुद्यात कागदांची यादी झाली होती. फाईल क्रमांक, वर्ष, नोटिशीची तारीख. ती वाचून दुसऱ्या माणसाला काहीच करता आलं नसतं, म्हणून फाडली आणि प्रत्येक प्रलंबित बाबीखाली चार गोष्टी लिहिल्या: मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची, शेवटचं उत्तर कधी दिलं आणि त्याची पोच कुठे आहे, पुढची हालचाल कोणी करायची, आणि काय करायचं नाही. चौथी गोष्ट का लागते ते पुढच्या प्रकरणावरून कळेल.

पती-पत्नीच्या समान मालकीची सदनिका ऑगस्ट २०२३ मध्ये ८० लाखांना विकली गेली. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो, आणि तो तेव्हा २६क्यूबी या फॉर्मवर भरला जायचा. दोन विक्रेते असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा फॉर्म लागायचा. खरेदीदाराने एकच भरला, तोही पतीच्या पॅनवर, पूर्ण ८०,००० रुपयांचा. पॅनवर किती कर जमा झाला हे दाखवणाऱ्या पत्नीच्या २६एएस उताऱ्यात त्यामुळे शून्य दिसत होतं.

विवरणपत्रात दोघांनी अर्धी-अर्धी विक्री दाखवली आणि ८०,००० रुपयांची जमाही अर्धी-अर्धी, म्हणजे प्रत्येकी ४०,०००, मागितली. हिशेब बरोबर होता, पण विवरणपत्रातला टीडीएसचा तक्ता चुकीचा भरला गेला. पत्नीचा त्या वर्षीचा कर ३६,००० रुपये होता, म्हणजे ४,००० परतावा यायला हवा होता. प्रत्यक्षात डिसेंबर २०२४ मध्ये कलम १४३(१) खालचं इंटिमेशन, म्हणजे विवरणपत्र तपासल्यावर खात्याकडून येणारा आदेश, आला, जमा नाकारली गेली आणि ३६,००० रुपये अधिक व्याज अशी मागणी उभी राहिली. यंत्रणा तिच्या पॅनवर जमा शोधते, ती सापडत नाही, एवढंच कारण.

खरेदीदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी असं पहिल्यांदा वाटतं. पण एका २६क्यूबीत एकाच विक्रेत्याचा पॅन बसतो, त्यामुळे दुरुस्तीने ८०,००० चे दोन भाग पडत नाहीत. वाट नियम ३७बीए(२) मध्ये आहे: ज्याच्या उत्पन्नात ती रक्कम करपात्र आहे, जमा त्याला मिळते. विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात त्यासाठी स्वतंत्र रकाने असतात. पत्नीने ‘दुसऱ्या व्यक्तीची जमा’ हा पर्याय निवडून पतीचा पॅन द्यायचा, आणि पतीने आपल्या तक्त्यात ४०,००० स्वतःसाठी, ४०,००० दुसऱ्या व्यक्तीच्या नावे दाखवायचे. आमच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी हे रकाने रिकामे होते. सुधारित विवरणपत्राची वाढवून मिळालेली मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली, म्हणून दोघांचे कलम १५४ खाली दुरुस्तीचे अर्ज केले. पोर्टलवर त्यासाठी Tax credit mismatch correction हा पर्याय आहे. क्रम महत्त्वाचा: आधी पतीचा, मग पत्नीचा, नाहीतर तिच्या अर्जाला जुळणारी नोंद समोर नसते.

नोंदीत मुदत अशी लिहिली. आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला, ते संपल्यापासून चार वर्षे, म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत दुरुस्ती मागता येते. ही तारीख लांब वाटते, पण फसवी आहे. मागणीवर, तिची नोटीस मिळाल्यानंतरचे ३० दिवस गेले की दरमहा १ टक्का व्याज चालू होतं, आणि अपिलाची ३० दिवसांची मुदतही तेव्हाच संपते. अर्ज पोहोचला तो महिना संपल्यावर सहा महिन्यांत खात्याने निर्णय द्यायचा असतो. तोवर पोर्टलवरच्या Response to Outstanding Demand मध्ये मागणी अमान्य असल्याचं उत्तर नोंदवलेलं असावं, नाहीतर पुढच्या वर्षीचा परतावा तिच्याकडे वळवला जाऊ शकतो. अर्जाची स्थिती दर महिन्याला पाहायची: तो निर्धारण अधिकाऱ्याकडे वर्ग झालेला दिसला तर वाट पाहत बसू नये, त्या अधिकाऱ्याकडे कागद घेऊन पाठपुरावा करावा.

आता ‘काय करायचं नाही’. पतीच्या २६एएसमध्ये पूर्ण ८०,००० रुपये दिसत राहतील, आणि त्यातले ४०,००० त्याने मागितलेले नसतील. नव्या माणसाला ही विसरलेली जमा वाटेल, आणि भलं करायच्या हेतूने तो ती पतीच्या नावे मागेल. त्या दिवशी पत्नीचा अर्ज बुडाला. हे वाक्य मी नोंदीत लाल शाईने लिहिलं.

सोबत जोडलेले कागद: विक्री करार, ज्यात अर्धा-अर्धा वाटा स्पष्ट आहे, दोघांच्या खात्यात रक्कम आल्याचे बँक उतारे, खरेदीदाराने कापलेल्या कराचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६बी, जमा पत्नीला मिळावी असं पतीने खरेदीदाराला दिलेलं घोषणापत्र, दोघांची विवरणपत्रं, नुसती पोच नव्हे तर अपलोड केलेली जेसन फाईलसुद्धा, आणि इंटिमेशन. सदनिका २००१ पूर्वीची असल्याने १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्याचा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा मूळ अहवालही दिला. त्याची पोच घेऊनच तो हातून सोडला.

याच विक्रीची दुसरी बाब कुठल्याच नोटिशीत नव्हती, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटत होती. नफ्याचा काही भाग ३१ जुलै २०२४ पूर्वी बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवून कलम ५४ ची सूट घेतली होती, घर बांधून घ्यायचं म्हणून. त्याची तीन वर्षे ऑगस्ट २०२६ मध्ये पुरी होतात. न वापरलेली रक्कम, ज्या वर्षी ही मुदत संपते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, आणि याची आठवण कोणी पाठवत नाही. खात्यातून काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठी खर्च व्हावे लागतात, उरले तर परत भरावे लागतात. पहिल्यांदा काढताना फॉर्म सी, नंतरच्या वेळी आधीच्या खर्चाचा फॉर्म डी, खातं बंद करताना फॉर्म जी आणि त्यावर निर्धारण अधिकाऱ्याची मंजुरी. बँकेत ती मंजुरी नसेल तर अर्ज अडतो, म्हणून तिच्यासाठी दोन-तीन महिने आधी सुरुवात करावी असं लिहिलं.

शेवटचं काम सर्वात छोटं, पण सगळ्यात आधी करायला हवं होतं. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये प्राथमिक ईमेल आणि मोबाईल माझा होता. निवृत्तीनंतर प्रत्येक नोटिशीची सूचना माझ्याकडेच आली असती आणि मुदती मोजल्या गेल्या असत्या. दोघांना समोर बसवून त्यांचा स्वतःचा क्रमांक आणि ईमेल घातले, ओटीपी त्यांच्याच फोनवर आले. नव्या सल्लागाराचा संपर्क दुय्यम म्हणून ठेवला. मग माझी अधिकृत प्रतिनिधित्वाची नोंद काढून टाकली. पासवर्ड त्यांनी बदलला आणि मी पाहिला नाही. एक महिन्याने त्यांच्याकडून e-Proceedings आणि प्रलंबित मागणीच्या पानांचे फोटो मागवले: त्या दोन पानांवर जे दिसलं ते नोंदीतल्या यादीशी जुळलं, तेव्हा फाईल पूर्णपणे दिली.