सोयर फिटलं, सुतक अडलं

मुलगी तेहतीस दिवसांची झाली तेव्हा आम्ही तिला आमच्या वस्तीतल्या हाचिमान या शिंतो देवाच्या देवळात घेऊन गेलो. आम्ही तोक्योजवळ राहतो. इथे मूल महिन्याभराचं झालं की ‘ओमियामाइरि’ करतात, म्हणजे बाळाला पहिल्यांदा देवदर्शनाला नेतात. फोनवर वेळ घेणं, लाल-पांढऱ्या दोरीचं पाकीट आणणं, त्यात पाच हजार येन घालणं, हे सगळं इतकं सुरळीत झालं की त्यातलं आता फारसं आठवतही नाही. लक्षात राहिली आहे ती देवळाच्या कचेरीतल्या खिडकीसमोर उभं राहून काढलेली पाऊण तासाची ताटकळ. कडेवर बाळ, शेजारी पुण्याहून बाळंतपणाला आलेली आई, आणि समोर एक फॉर्म.

फॉर्मवर बाळाचं नाव, पत्ता, जन्मतारीख (ती जपानी रेइवा सनात लिहायची, घरूनच आकडा काढून न्या) आणि कसली प्रार्थना हवी ते, एवढंच होतं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘किचू’ असल्यास सांगावे. घरात मृत्यू झाल्यानंतरच्या काळाला किचू म्हणतात. नवऱ्याने ती ओळ वाचली आणि एकवीस दिवसांपूर्वी माझी आजी वाईला वारल्याचं सरळपणे सांगून टाकलं.

खिडकीतली मुलगी गप्प झाली आणि आत गेली. परत आली ती प्रश्न घेऊन : वडिलांची आई की आईची? पुन्हा आत. तुम्ही एका घरात राहत होतात का? पुन्हा आत. अंत्यविधीला गेला होतात का? नवरा म्हणाला, व्हिडिओ कॉलवर पाहिला. या उत्तरासाठी त्यांच्याकडे रकाना नसावा, कारण या वेळी ती दहा मिनिटं आलीच नाही. फोनवर वेळ देताना यातलं एक अक्षर कुणी विचारलं नव्हतं, आणि माझा सगळा राग त्याच गोष्टीचा होता. आई मराठीत पुटपुटत होती, “दहा दिवस पाळलं, तेरावा झाला. अजून कसलं सुतक?”

मलाही तेच वाटत होतं. सोयरसुतक काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको, अशा तोऱ्यात मी तिथे गेले होते. बाळंतिणीची अशुद्धी जुन्या शिंतो रिवाजातही आहे. म्हणून पूर्वी या विधीत बाळ वडिलांच्या आईच्या हातात असायचं आणि बाळंतीण मागे राहायची. आमचं सोयर महिन्यात फिटलं होतं. अडलं होतं ते सुतक.

शेवटी एक वयस्क पुजारी बाहेर आले. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि ते प्रश्न कुठून आले ते समजावून सांगितलं. मुळात ‘केगारे’ म्हणजे विटाळ, पाप नव्हे. आजी गेली यात कुणाचा दोष नाही. पण मृत्यूच्या सान्निध्याने माणसाला एक म्लानता येते आणि ती घेऊन कामीसमोर, म्हणजे देवासमोर, जायचं नाही. ही म्लानता पसरते कशी, याचा हिशोब ९२७ साली पूर्ण झालेल्या एन्गिशिकी या नियमसंग्रहात आहे. समजा ‘अ’च्या घरी मृत्यू झाला. ‘ब’ तिथे जाऊन बसला, तर ‘ब’ आणि त्याच्या घरचे सगळे बाधित. ‘क’ हा ‘ब’कडे गेला, तर ‘क’ एकटा बाधित, त्याचं घर नाही. ‘ड’ हा ‘क’कडे गेला, तर त्याला काहीच नाही.

मला इथे लख्ख उजेड पडला. आपलं सुतक रक्ताच्या नात्याने चालतं : सातासमुद्रापार बातमी कळली तरी लागतं, आणि शेजारी रात्रभर मढ्यापाशी बसला तरी त्याची अंघोळीवर सुटका होते. केगारेची ही जुनी मोजणी मात्र जागेची आणि सोबतीची आहे. पुढे तिच्या जोडीला नात्याचे नियमही आले. १८७४ च्या सरकारी फर्मानात आईवडिलांसाठी पन्नास दिवस होते आणि इतर नात्यांना त्याहून कमी. आज बहुतेक देवळं सरसकट ‘पन्नास दिवसांपर्यंत’ म्हणतात. म्हणजे ती मुलगी आम्हाला छळत नव्हती. आधी नातं, मग सहवास, अशा दोन्ही मापांनी आमची आजी मोजून पाहत होती. हे कळल्यावर राग उतरला. पूर्ण नाही, फोनवाला राहिलाच.

पुजाऱ्यांनी दोन वाटा ठेवल्या : आधी वेगळं शुद्धीकरण करून आजच विधी करायचा, किंवा पन्नास दिवस उलटल्यावर यायचं. बाळाच्या विधीला एकतिसावा-तेहतिसावा दिवस धरतात, पण तो काही मुहूर्त नाही. उन्हाळा फार असला तरी लोक पुढे ढकलतात. नवरा म्हणाला, नंतर येऊ. आई खूश झाली, मी नाही.

तेव्हा आमच्यासारखे सुतकात असाल तर फोनवरच विचारा : “किचू देसु गा, ओमाइरि शितेमो ई देसु का?” कोण गेलं, किती दिवस झाले आणि एका घरात राहत होतात का, ही उत्तरं तयार ठेवा. आणि एक, ‘मेली’ हा शब्द तोंडावर फेकू नका. इसे देवस्थानातल्या देवीच्या सेवेत राहणाऱ्या राजकन्येच्या वाड्यात मरण्याला ‘बरं होणं’ आणि रक्ताला ‘घाम’ म्हणत. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये.

दारातल्या कुंडावरचं पाणी मृत्यूच्या केगारेसाठी पुरत नाही, हेही मला तिथेच कळलं. ते येताजातानाच्या धुळीसाठी. पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतून चूळ (पळी ओठांना लावायची नाही), मग पुन्हा डावा.

बाकावर बसल्या बसल्या मी आणखी एक प्रश्न विचारला होता आणि तो कुठल्याही देवळात चालतो : “कोको नो गोसाइजिन वा दोनाता देसु का?” इथे कोणता कामी आहे? उत्तर आलं, सम्राट ओजिन, म्हणजेच हाचिमान. मग विचारा, तो इथे कुठून आला. हाचिमानचं मूळ ठाणं क्यूशू बेटावरच्या उसाला. दिव्याने दिवा लावावा तसा कामी दुसरीकडे नेता येतो आणि मूळचा उणा होत नाही. आत मूर्ती कशी आहे, हे मात्र विचारू नका. मी विचारलं. बहुधा मूर्ती नसतेच. आरसा किंवा तलवार अशी एखादी वस्तू झाकून ठेवलेली असते. नारा शहराजवळच्या ओमिवा देवळात तर गाभाराच नाही, मागचा डोंगरच पुजतात.

दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. तीच खिडकी, तोच फॉर्म, सात मिनिटं. पुजाऱ्यांनी पांढऱ्या कागदी पट्ट्यांची काठी आमच्या डोक्यांवरून डावी-उजवी-डावी फिरवली आणि प्रार्थनेत बाळाचं नाव घेतलं. मुक्ताचं ‘मुकुता’ झालं. आई हसू दाबत होती. बाळ झोपलेलं होतं.