चित्र नाही, तर पोर्टफोलिओत ठेवायचं काय?

«मी इंदूरमध्ये घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करते. डिझायनर लोक आपली डिझाइनं दाखवतात. माझं काम म्हणजे एक्सेल, व्हॉट्सॲप आणि फोन. नवा क्लायंट ‘आधी केलेलं काही दाखवा’ म्हणाला की मी काय दाखवू?»

एका कामाची दोन पानं दाखवा. पहिल्या पानावर ते काम तुम्ही कसं करता त्याची लेखी रीत, दुसऱ्यावर त्याने काय बदललं याचे आकडे. ‘ईमेल हाताळणे, डेटा एन्ट्री, फॉलोअप’ अशी सेवांची यादी प्रत्येकीकडे असते आणि ती वाचून कोणालाही काही कळत नाही. दोन पानं मात्र अशी हवीत की पहिल्या पानावरची पायरी आणि दुसऱ्यावरचा आकडा यांचा संबंध समोरच्याला स्वतःला जोडता यावा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेते. आकडे मांडणी समजावी म्हणून घेतलेले आहेत.

समजा, क्लायंट सांवेर रोडवरचा पॅकिंग मटेरियलचा पुरवठादार आहे. नमकीनवाल्यांना पाउच आणि खोकी देतो, उधारी ३० दिवसांची. १ जुलैपासून बिलांच्या वसुलीचा फॉलोअप तुमच्याकडे आला. पहिल्याच दिवशी फोन लावायला बसू नका. आधी मागची स्थिती उतरवून घ्या, कारण ती नंतर मिळत नाही. टॅलीतल्या `Bills Receivable` रिपोर्टमध्ये फक्त बाकी बिलं दिसतात. पैसे आले की बिल त्यातून निघून जातं. त्यामुळे चुकती झालेली बिलं पार्टीच्या खात्यातून काढावी लागतात. एका शीटमध्ये बिल नंबर, बिलाची तारीख, मुदतीची तारीख आणि पैसे आल्याची तारीख असे चार रकाने करा, पाचव्यात हे सूत्र:

```
=IF(D2="","बाकी",D2-C2)
```

शून्य किंवा त्याहून कमी म्हणजे मुदतीत. ८० बिलं असतील तर `=COUNTIF(E2:E81,"<=0")` ने मुदतीतली मोजली जातात. भागताना मात्र सगळ्या ८० ने भागा. फक्त पैसे आलेल्या बिलांची सरासरी काढली, तर जी बिलं अजून अडकली आहेत तीच हिशोबातून गळतात आणि चित्र उगाच गोड दिसतं.

सहावा रकाना कारणाचा. उशीर झालेल्या प्रत्येक बिलामागे ‘का’ ते क्लायंटच्या ऑफिसात आणि पार्टीच्या अकाउंटंटला विचारून घ्या. हे पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं. दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. आपल्या उदाहरणात एप्रिल–मेच्या ८० बिलांपैकी ३६ मुदतीत आली, ४४ उशिरा. त्या ४४ पैकी २१ बिलं अकाउंटंटपर्यंत पोचलीच नव्हती, किंवा त्यांवर पार्टीचा पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर नव्हता म्हणून ती चढवली गेली नव्हती. बिल सेठजींच्या व्हॉट्सॲपवर जायचं आणि तिथेच राहायचं. १२ बिलांत रेट किंवा मालाच्या संख्येवरून वाद होता. उरलेल्या ११ ना काही कारण नव्हतं, पार्टीने नुसते पैसे थांबवले होते.

आता रीत. ती कारणांतून निघाली पाहिजे, नाहीतर ती कुठूनही उचललेली चेकलिस्ट होते. सुरुवात कशाने होते ते वर लिहा: ‘गोदामातून माल निघाल्याचा मेसेज आला की’. मग पायऱ्या. त्याच दिवशी पीओ नंबर तपासून बिलाची पीडीएफ थेट अकाउंटंटला. मुदतीच्या ७ दिवस आधी एकच प्रश्न, आणि तो पैशांचा नसतो:

«नमस्ते जी, बिल नंबर ___ आपके यहाँ एंट्री हो गया है? कुछ कमी हो तो आज बता दीजिए.»

हा मेसेज पानावर जसाच्या तसा ठेवा. तुम्ही तगादा लावत नाही, अडथळा आधी शोधता, हे समोरच्याला या दोन ओळींतून कळतं. मुदतीच्या दिवशी आठवण, तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी क्लायंटकडे निर्णयासाठी. प्रत्येक पायरीपुढे ती कोण करतं आणि नोंद कुठे होते, एवढं पुरे.

पायऱ्यांखाली अपवादांचा छोटा तक्ता द्या. माझ्या मते पानाचा सगळ्यात मोलाचा भाग तो आहे, आणि तोच बहुतेक जणी सोडून देतात. पार्टीने बिलापेक्षा कमी रक्कम पाठवली, तर आधी टीडीएस कापलाय का ते पाहायचं, मग रेटमधला फरक. उरलेल्याचा निर्णय क्लायंटचा. ‘सेठजी बाहर गए हैं’ हे उत्तर दुसऱ्यांदा आलं की पुढचा फोन तुमचा नाही, क्लायंटचा. माल परत येणार असेल तर क्रेडिट नोट होईपर्यंत त्या बिलाचा तगादा बंद. सरळ पायऱ्या कोणीही लिहील. कुठे थांबायचं आणि कुठे विचारायचं हे काम केलेल्यालाच ठाऊक असतं. रीत पक्की आहे का, हे पाहायचं असेल तर हे काम न केलेल्या कोणाला पान द्या आणि एक बिल चालवायला सांगा. जिथे ते तुम्हाला प्रश्न विचारतील, तिथे ओळ कमी पडली आहे.

दुसऱ्या पानाचा सगळा भार महिने निवडण्यावर आहे. काम १ जुलैला सुरू झालं, म्हणून ‘जूनपर्यंत आधी, जुलैपासून नंतर’ असं करावंसं वाटतं. पण जूनची बिलं जुलैत मुदतीला येतात, म्हणजे त्यांना तुमची आठवण गेलेली असते. ती ना धड आधीची, ना धड नंतरची. जून बाजूला ठेवा. दुसऱ्या टोकाला सणाचा प्रश्न आहे. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, आणि दिवाळीआधी हिशोब मिटवायची बाजाराची रीत जुनी आहे. सप्टेंबरची बिलं ऑक्टोबरात मुदतीला आली. ती वेळेवर मिळाली ती तुमच्यामुळे की लक्ष्मीपूजनामुळे, कोण सांगणार? म्हणून त्या वर्षासाठी तुलना एप्रिल–मे विरुद्ध जुलै–ऑगस्ट अशीच. आणि मोजणी ऑक्टोबर लागल्यावरच, कारण ऑगस्टच्या शेवटच्या बिलाची मुदत ३० सप्टेंबरला संपते. त्याआधी मोजलं तर मुदत न भरलेली बाकी बिलंही उशिराच्या बाजूला धरली जातात.

जुलै–ऑगस्टमध्ये ७० बिलं, त्यातली ४९ मुदतीत. म्हणजे ४५ टक्क्यांवरून ७०. हा आकडा ठळक अक्षरात लिहून थांबायचा मोह होतो, पण खरं काम त्याच्या खालच्या ओळीत आहे. उशिराच्या २१ पैकी ‘बिल पोचलं नाही किंवा पीओ नंबर नाही’ अशी आता फक्त ३ राहिली. आधी २१ होती. वादाची ९ आहेत, आधी १२ होती. विनाकारण थांबवलेली ९, आधी ११. बिलांची एकूण संख्याही कमी झाली आहे, तेव्हा शेवटचे दोन प्रकार जवळजवळ तिथेच आहेत असंच म्हणायला हवं. आणि तसंच लिहा. रीतीने जे कारण धरलं होतं तेच घटलं आणि बाकीची राहिली, यामुळेच आकडा विश्वासार्ह वाटतो. सगळंच सुधारलं असतं, तर जाणत्या क्लायंटने पहिला प्रश्न विचारला असता की त्या काळात आणखी काय बदललं.

तो प्रश्न तुम्ही आधीच विचारून ठेवा. क्लायंटने त्या महिन्यांत लवकर पैसे देणाऱ्याला सूट दिली होती का? एखादी सदा उशीर करणारी पार्टी सोडली होती का? तसं असेल तर एका ओळीत नोंद करा. रकमेचीही एक ओळ हवी: बिलं ७० टक्के वेळेत आली, पण सगळ्यात मोठ्या पार्टीचं बिल अडकलेलं असेल, तर गल्ल्यात फरक पडलेला नसतो.

आता झाकाझाकी. इंदूरचा बाजार मोठा दिसतो, पण एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. ‘सांवेर रोडवरचे पाउचवाले’ एवढ्यावरूनही नाव निघतं, तेव्हा ‘मध्य भारतातला पॅकिंग पुरवठादार’ असं लिहा, रकमांऐवजी टक्के द्या. बिलाचा नमुना दाखवायचा असेल तर कोरा नवा बनवा, खऱ्यावर काळी पट्टी ओढू नका. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर बहुतेक वेळा तसाच राहतो, निवडून कॉपी करता येतो. जीएसटी नंबर राहून गेला तर पॅन नंबरही गेला, कारण त्यातली तिसऱ्यापासूनची दहा अक्षरं पॅनचीच असतात. गुगल शीटमध्ये रकाना लपवणं म्हणजे झाकणं नाही. नुसतं बघायची परवानगी असलेला माणूसही प्रत काढून तो उघडू शकतो. म्हणून शीटची लिंक देऊच नका, तक्ता पीडीएफमध्ये उतरवा आणि फाइलच्या नावात क्लायंटचं नाव राहिलं नाही ना, ते बघा.

परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल, पण मोघम नको. ‘पोर्टफोलिओत टाकू का?’ असं विचारलं तर लोक कचरतात. दोन्ही पानं तयार करून पाठवा आणि लिहा: ‘दादा, ही दोन पानं नव्या क्लायंटना दाखवायची आहेत. आपलं नाव, पार्ट्यांची नावं आणि रकमा यात नाहीत. काही काढायचं असेल तर सांगा.’ तिमाहीचा हिशोब देता त्याच दिवशी विचारलेलं बरं. काम सोडताना विचारलं की उत्तर लांबतं. करारात गुप्ततेची अट असेल आणि ते नाही म्हणाले, तर आकड्यांचं पान विसरा. रीतीचं पान सर्वसाधारण करून, वर ‘नमुना’ असं स्पष्ट लिहून ठेवता येतं.

‘सगळी रीत दाखवली तर ते स्वतःच करतील, मला कशाला बोलावतील?’ अशी भीती बऱ्याच जणींना असते. एक पान वाचून रोज सकाळी दहा अकाउंटंटना फोन लावणारा क्लायंट विरळा. तरी मन मानत नसेल तर मेसेजचा एकच मसुदा दाखवा, बाकीचे काम मिळाल्यावर.

पाठवताना एकच पीडीएफ, दोन पानं. गुगल ड्राइव्हवरून देत असाल तर `Anyone with the link` आणि `Viewer` निवडा आणि लिंक स्वतः `Incognito` खिडकीत उघडून पाहा. परवानगी मागणारा पडदा दिसला तर क्लायंटलाही तोच दिसणार आहे, आणि तो बहुधा परवानगी मागत बसणार नाही.