अठराव्या मिनिटाची जाहिरात: नोंद तिसरी

जुन्या लंबकाच्या घड्याळाच्या दुरुस्तीचा माझा ५० मिनिटांचा व्हिडिओ या वेळी तपासायला घेतला आहे. यूट्यूबवर ८ मिनिटे किंवा त्याहून लांब व्हिडिओच्या मध्ये जाहिराती ठेवता येतात. या व्हिडिओत त्या १८, ३१ आणि ४२ व्या मिनिटाला आहेत, आणि तिन्ही जागा आपोआप ठरलेल्या आहेत. १८ व्या मिनिटाला पडद्यावर काय चालले आहे ते आधी सांगतो. घड्याळ उघडण्यापूर्वी स्प्रिंगमधला ताण उतरवावा लागतो, म्हणून मी चावी घट्ट धरून खटका किंचित दाबतो आणि ताण एकेक दात सोडतो. हात निसटला तर बोटाला इजा होते. बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा असा हा क्षण आहे आणि नेमकी तिथेच जाहिरात येते.

प्रेक्षक किती टिकतात याचा आलेख डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढण्याची चूक मी पहिल्या दोन नोंदींत केली होती. आलेख सतत उतरतच असतो, त्यामुळे कोणत्याही जाहिरातीजवळ घसरण दिसणारच. आता मी वेगळा प्रश्न विचारतो: त्या मिनिटाच्या सुरुवातीला जे होते, त्यांपैकी किती जण त्या मिनिटात गेले? विश्लेषणाच्या एपीआयमधून `elapsedVideoTimeRatio` आणि `audienceWatchRatio` हे दोन स्तंभ घेतले की व्हिडिओचे १०० बिंदू मिळतात. ५० मिनिटांच्या व्हिडिओत एक बिंदू म्हणजे ३० सेकंद, आणि त्याहून बारीक काही या आकड्यांत दिसत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

माझ्या व्हिडिओत साध्या मिनिटाला उरलेल्यांपैकी सुमारे २ टक्के लोक जातात. दर १००० व्ह्यूजमागे साडेसतराव्या मिनिटाला ४६० जण होते आणि साडेअठराव्या मिनिटाला ४२३. गेलेल्या ३७ जणांपैकी ९ जण एरवीही गेले असते, म्हणून २८ जण जाहिरातीच्या खात्यावर मांडले. हे मांडण्यापूर्वी घसरणीचा आकार पाहिला. आलेख खाली जाऊन पुढे पुन्हा वर आला, तर लोकांनी तो भाग ओलांडून पुढे उडी मारलेली असते, ते निघून गेलेले नसतात. इथे आलेख पायरीसारखा उतरला आणि खालीच राहिला.

आता हिशेब. हे २८ जण टिकले असते, तर दोन टक्क्यांच्या गतीने त्यांतले सुमारे २२ जण ३१ व्या आणि १७ जण ४२ व्या मिनिटाच्या जागेपर्यंत पोहोचले असते, म्हणजे जाहिरात दाखवण्याच्या ३९ संधी बुडाल्या. पण १८ व्या मिनिटाच्या जागेने ४६० संधी दिल्या होत्या. नुसत्या कमाईकडे पाहिले तर ती जागा बिनदिक्कत ठेवावी असेच उत्तर येते, आणि आपल्यापैकी बरेच जण इथेच थांबतात असे मला वाटते. खरे नुकसान वेगळ्या रकान्यात आहे: त्या २८ जणांची पुढची मिळून सुमारे ६६० मिनिटे गेली. (संधी म्हणजे दाखवलेली जाहिरात नव्हे, प्रत्येक जागा प्रत्येकासाठी भरत नाही आणि प्रीमियमचे सदस्य जाहिरात पाहतच नाहीत. त्यामुळे ज्यांना ती खरोखर दिसली, त्यांच्यातले गळतीचे प्रमाण २८ भागिले ४६० पेक्षा जास्तच असणार.)

मग यूट्यूब स्टुडिओत जाऊन ती जागा हाताने २०:३० वर नेली. तिथे सगळी चाके काढून रॉकेलच्या ताटलीत बुडवून झालेली असतात, मी हात पुसतो आणि आवाज थांबतो. मे २०२५ पासून यूट्यूबही अशा नैसर्गिक विरामांच्या जागांना प्राधान्य देते आणि हाताने निवडलेली जागा अडथळा आणणारी वाटली तर स्टुडिओत तसे दाखवते. या जागेवर तसा इशारा आला नाही.

बदलानंतर २० ते २१ या मिनिटात ४३८ वरून ४१८ झाले. २० जण गेले, त्यांतले ९ नेहमीचे, जास्तीचे ११. पुढच्या बुडालेल्या संधी साधारण १६. निव्वळ संधी आधी ४६० वजा ३९ म्हणजे ४२१ होत्या, आता ४३८ वजा १६ म्हणजे ४२२. कमाईची बाजू जवळपास जागेवर राहिली आणि गमावलेली मिनिटे ६६० वरून सुमारे २४५ वर आली.

या तुलनेत एक खोट आहे. व्हिडिओ आला त्या आठवड्यात बहुतेक प्रेक्षक चॅनलचे सबस्क्रायबर असतात आणि नंतर शोधातून आलेले नवखे लोक वाढतात, जे कोणत्याही मिनिटाला लवकर जातात. म्हणून पहिला आठवडा मी वगळला, दोन्ही बाजूंना १४ दिवसांचे आकडे घेतले आणि दोन्ही काळांत शेजारच्या मिनिटांची गळती पुन्हा मोजली. ती दोन टक्क्यांच्या आसपासच होती, म्हणून फरक जागेचाच आहे असे मी धरतो. मात्र जास्तीच्या ११ जणांत दोन-तीन जणांची चूक सहज असू शकते.

३१ व्या मिनिटाची जागा मुद्दाम हलवलेली नाही. दोन्ही एकदम हलवल्या असत्या, तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळले नसते. तिथे मी टोल्यांची हातोडी जुळवत असतो आणि पहिला टोला ३२:१० ला पडतो, तेव्हा पुढची चाचणी ३२:४० ची, टोल्याचा आवाज पूर्ण विरल्यानंतरची.