'फल'मधला फ आणि 'सज़ा'मधला ज़

मी उच्चारकोशाचं काम करते, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकायचं, कोणता शब्द नेमका कसा उच्चारला ते चिन्हांत लिहायचं, आणि चुकीचं वाटलं तर फाईल परत पाठवायची. त्या दिवशी हिंदीची एक बॅच आली होती. एकाच घरातले तिघेजण, आजोबा, त्यांचा मुलगा आणि नात, आणि तिघांनी वाचलेली यादी एकच. प्रत्येक शब्द 'मैंने ... कहा' या वाक्यात घालून वाचलेला.

नातीच्या फाईलवर मी दुपारपर्यंत लाल खुणांचा ढीग घातला. फल, फूल, फिर, सगळीकडे ती दात ओठावर टेकवून इंग्रजी फोनमधला फ म्हणत होती. हे शब्द हिंदीचे घरचे, त्यात खरा उच्चार 'प'ला श्वास जोडलेला फ. बरं, 'मजबूर'लाही ती मज़बूर म्हणत होती, मूळ अरबीतसुद्धा तिथे ज आहे! परत रेकॉर्ड करून घ्या असं लिहून पाठवणार इतक्यात आमच्या मॅडम येऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं थांब, आधी आजोबांचं ऐक, मग हिचं."

आजोबा सज़ाला सजा म्हणत होते, फ़र्कला फरक, आणि तो फ तोच जो त्यांच्या फलमध्ये होता. त्यांच्या बोलीत हे दोन्ही आवाज नव्हतेच, बाहेरचा शब्द आला की जवळचा घरचा आवाज लावायचा. मुलाकडे आल्यावर चित्र बदललं. आम्ही प्राट या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आवाजांचं चित्र उघडून बघितलं. सजा (म्हणजे सजलेला) मध्ये ज येताना आवाज क्षणभर अडतो, चित्रात वरचा भाग कोरा होतो, खाली फक्त एक मंद पट्टी राहते आणि मग घर्षण फुटतं. सज़ा (म्हणजे शिक्षा) मध्ये तो कोरा तुकडाच नाही, वरच्या भागात घर्षण सलग चालू. फचंही तसंच, फलमध्ये आधी शांतता, मग ओठ सुटतात, मग श्वास. फ़र्कमध्ये सुरुवातीपासून फिकट पसरलेला फूत्कार. कान फसला तरी चित्रात सापडतं, अर्थात रेकॉर्डिंगला पंख्याचा आवाज असला तर तो फिकट फ हरवतो.

मला ज आणि ज़ ही एकाच आवाजाची दोन रूपं वाटत होती, कारण मराठीत एकाच अक्षरावर आपण जीभ आणि जाड असे दोन ज म्हणतो आणि त्याकडे लक्षही जात नाही. पण राज आणि राज़, तेज आणि तेज़, या जोड्यांत बाकी काहीच न बदलता अर्थ बदलतो, म्हणजे मुलाच्या बोलीत ज़ हा स्वतंत्र वर्ण झालाय. फारसीतून आलेले शब्द आधी दोन भाषा येणाऱ्यांनी आवाजासकट उचलले, शब्द खूप झाले तशी जोडी जमली.

मग मी विचारलं की क़लममधला क़ आणि ख़बरमधला ख़ पण फारसीबरोबरच आले ना, ते का नाही टिकले? कारण यादीत तिघेही साधं कलम आणि खबर म्हणत होते. मॅडमचं म्हणणं, आणि मला ते पटलं, की फ़ आणि ज़ला नंतर इंग्रजीचा दुसरा पाठिंबा मिळाला, फिल्म, ऑफिस, ज़िप. शिवाय ज़ म्हणजे सचाच घोष भाऊ, त्याची जागा आधीच रिकामी पडलेली होती. क़ ला इंग्रजीतून एकही शब्द मिळाला नाही. उर्दू शिकलेल्यांच्या तोंडी तो अजून आहे, पण बाकीच्यांच्या नाही.

आणि नातीचं काय? तिच्या बोलीत फ़ने घरच्या फला गिळून टाकलंय. हे सहज होतं कारण फ आणि फ़ने वेगळे होणारे शब्द फारच कमी, फन (नागाचा फणा) आणि फ़न (कला) अशा एखाद-दुसऱ्या जोडीने कुणाचं अडत नाही. ज मात्र गिळला गेला नाही, त्याचे शब्द भरपूर आणि जोड्याही, म्हणून तिथे फक्त मज़बूरसारखे सुटे घोटाळे होतात. पाहुणा आवाज घरच्या शब्दांत शिरला की तो पाहुणा राहिलेला नसतो, आणि मी नेमकं तेच चूक म्हणून परत पाठवत होते.

संध्याकाळी लाल खुणा काढल्या. कोशात ज़ला स्वतःचं चिन्ह दिलं, फलला दोन उच्चार लिहिले, खबरला ख पहिला आणि ख़ दुसरा. मज़बूरसुद्धा पर्यायी उच्चार म्हणून गेला. आजोबांचं 'सजा' तसंच ठेवलं, अर्थाच्या रकान्यात मात्र दोन्ही अर्थ लिहावे लागले.